जे दिसते तेवढेच: पटकथेतील दृश्यवर्णन

पटकथेच्या पानावर मुख्यतः तीन प्रकारचा मजकूर असतो. सर्वांत वर दृश्याचे शीर्षक: जागा आतली की बाहेरची, कोणती, आणि वेळ कोणती. पानाच्या मध्यभागी पात्राचे नाव आणि त्याखाली त्याचा संवाद. या दोहोंच्या मधे, पानाच्या पूर्ण रुंदीत, वर्तमानकाळात लिहिलेल्या ओळी असतात. खोलीत काय आहे, कोण आत आले, कोणी काय उचलले, काय खाली ठेवले, हे त्या सांगतात. या तिसऱ्या मजकुराला पटकथाकार ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात. त्यासाठी मारामारी किंवा पाठलाग असावा लागत नाही. पात्राने कपबशी दोन बोटे पुढे सरकवली तरी तीही अ‍ॅक्शनच. मराठीत त्याला दृश्यवर्णन म्हणता येईल.

दृश्यवर्णनाचा मुख्य नियम एका वाक्यात मावतो: कॅमेऱ्याला जे दिसते आणि माइकला जे ऐकू येते, तेवढेच लिहायचे. या नियमाचे कारण पटकथेच्या वाचकांमध्ये आहे. कादंबरीचे पान थेट वाचकाच्या हाती जाते. ‘तिला अपराधी वाटले’ हे वाक्य वाचताच वाचकाला ते कळते. पटकथेचे पान मात्र प्रेक्षक कधीच पाहत नाही. ते वाचतात ती चित्रपट उभा करणारी माणसे. सहायक दिग्दर्शक त्या पानावरून प्रत्येक दृश्याला लागणाऱ्या गोष्टींची यादी काढतो. कलादिग्दर्शक वस्तू जमवतो, वेशभूषाकार कपडे ठरवतो, छायालेखक प्रकाशाचा विचार करतो आणि नट आपण काय करायचे ते शोधतो. ‘तिला अपराधी वाटले’ या वाक्यातून यांपैकी कोणालाच काही मिळत नाही. चित्रीकरणाच्या दिवशी त्या वाक्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो: म्हणजे नेमके काय करायचे?

मराठी लेखकापुढे एक खास अडचण असते आणि ती भाषेतच आहे. मनातल्या गोष्टी सांगायला मराठीत तयार आणि अतिशय सोपी वाक्यरचना आहे. त्याला वाटते, तिला आठवते, त्याला जाणवते, तिला राग येतो, त्याला लाज वाटते, तिला कळून चुकते. या सगळ्या वाक्यांत माणूस काहीच करत नाही. त्याच्या नावाला ‘ला’ लागतो आणि भावना बाहेरून येऊन त्याला भेटते. गद्यात ही रचना फार गोड चालते, आणि म्हणूनच कथा लिहून हात बसलेल्या लेखकाच्या पटकथेत ती नकळत शिरते. ‘तो भाकरी मोडतो’ आणि ‘त्याला भूक लागते’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की फरक दिसतो. पहिल्याचे चित्र घेता येते, दुसऱ्याचे नाही.

याचा अर्थ ‘ला’ दिसला की वाक्य खोडावे असा नाही. ‘त्याला कोपऱ्यात पडलेली किल्ली दिसते’ हे चालते, कारण कॅमेरा किल्ली दाखवू शकतो. पण मनाचे क्रियापद सापडले की थांबून विचारावे, एवढी खूण त्यातून नक्की मिळते.

हे काम प्रत्यक्षात कसे होते ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, पटकथेच्या पहिल्या खर्ड्यात असा मजकूर आहे:

पहाटेचे चार. वसंतराव जागे होतात. पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टर असलेल्या वसंतरावांना आज पहिल्यांदाच कामावर जायचं नाही. ही जाणीव त्यांना अस्वस्थ करते. आपण आता निरुपयोगी झालो, असं त्यांना वाटतं. पत्नी शालिनीला त्यांची घालमेल कळते, पण ती काही बोलत नाही.

मजकूर वाईट नाही. कथेची सुरुवात म्हणून तो चांगलाही ठरेल. पण कॅमेऱ्याच्या जागी उभे राहून वाचला, तर त्यात एक माणूस जागा होतो आणि एक बाई गप्प असते, इतकेच दिसते. एसटी दिसत नाही, पस्तीस वर्षे दिसत नाहीत, ‘आज पहिल्यांदा’ दिसत नाही. प्रेक्षकाच्या वाट्याला येतो पलंगावर बसलेला एक गंभीर चेहरा. तो आजारी आहे, कर्जात आहे की त्याला रात्री झोप लागली नाही, हे कळायला मार्ग नाही.

आता हाच प्रसंग फक्त दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या गोष्टींत:

दृश्य १. अंतर्गत. वसंतरावांचं घर, बाहेरची खोली. पहाट.

अंधार. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा एक पट्टा.

गजराचं घड्याळ. चारला दोन मिनिटं कमी.

एक हात पुढे येतो आणि गजर वाजण्याआधीच बंद करतो.

वसंतराव (५८) कॉटवर उठून बसतात. बनियन, लेंगा. दिवा न लावता भिंतीकडे जातात, खुंटीवरचा खाकी शर्ट काढतात, एक बाही चढवतात.

थांबतात.

शर्टाच्या छातीवर सुपारीएवढा गोल ठसा. तिथला खाकी रंग बाकीच्या शर्टाहून गडद. मधे टाचणीची दोन भोकं.

टेबलावर घडी न मोडलेली शाल, नारळ, सुकायला लागलेला झेंडूचा हार.

वसंतराव बाही काढतात. शर्ट पुन्हा खुंटीला लावतात. खांद्यावरची सुरकुती तळहाताने सारखी करतात.

आतून पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज.

दृश्य २. अंतर्गत. स्वयंपाकघर. पहाट.

तव्यावर पोळी. ओट्यावर तीन पुडांचा स्टीलचा डबा, उघडा. वरच्या पुडात लोणच्याची फोड.

शालिनी (५४) वळून बघते. दारात वसंतराव, बनियनवर.

शालिनी डब्याकडे बघते.

ती पोळी तव्यावरून काढते आणि ताटलीत ठेवते. लोणच्याची फोड चमच्याने उचलून ताटलीत घालते. डब्याला झाकण लावते.

पहिल्या मजकुरातली एकेक गोष्ट कुठे गेली, हे आता पाहता येईल. ‘कंडक्टर असलेल्या’ हे शब्द खाकी शर्टावर आले. नुसता खाकी शर्ट पोलिसाचाही असू शकतो, म्हणून बिल्ल्याचा ठसा आणि टाचणीची भोके. बिल्ला आता शर्टावर नाही, आणि तो जिथे वर्षानुवर्षे होता तिथल्या कापडाला ऊन लागलेले नाही. एका गोल ठशातून नोकरी, तिची लांबी आणि तिचा शेवट, तिन्ही समजतात. ‘आज पहिल्यांदाच’ हे शाल, नारळ आणि हार सांगतात. निरोप समारंभ कसा होतो हे मराठी प्रेक्षकाला समजावून द्यावे लागत नाही. इथे ‘सुकायला लागलेला’ हा शब्द जपून निवडलेला आहे. हार ताजा लिहिला असता तर समारंभ काही तासांपूर्वीचा वाटला असता. पार काळा पडलेला लिहिला असता तर निवृत्तीला महिना उलटला असता. किती दिवस झाले, हे हाराच्या स्थितीवरून कळते, आणि कलादिग्दर्शकालाही कसला हार आणायचा ते कळते.

‘पस्तीस’ हा आकडा मात्र हरवला. कॅमेरा ‘पुष्कळ वर्षे’ दाखवू शकतो, पस्तीस दाखवू शकत नाही. आकडा समारंभातल्या सन्मानचिन्हावर लिहून दाखवता येतो, पण भिंतीवरची पाटी वाचायला लावणे हा थकलेला उपाय आहे. आकडा कथेला खरोखर हवा असेल तर तो पुढे कुणाच्या तरी बोलण्यात सहज येऊ द्यावा. बहुतेक वेळा तो नकोच असतो.

‘रोजच्या सवयीने’ हेही कॅमेऱ्याला दिसत नाही. रोज, नेहमी, हल्ली, पुन्हा एकदा, हे शब्द अनेक दिवसांबद्दल बोलतात आणि कॅमेऱ्यासमोर नेहमी एकच क्षण असतो. मराठीत तर ‘ते चारला उठतात’ या एकाच वाक्यातून आजचे उठणे आणि रोजचे उठणे दोन्ही व्यक्त होते. त्यामुळे आपण सवय लिहीत आहोत हे लेखकाच्या लक्षातही येत नाही. इथे सवय दिसते ती गजर वाजण्याआधीच बंद करणाऱ्या हातामुळे आणि दिवा न लावता नेमकी खुंटी सापडल्यामुळे. शालिनीची सवय भरायला घेतलेल्या डब्यात दिसते. पहिल्या मजकुरात ती नुसती समजूतदार बायको होती. आता तिचाही हात जुन्या वेळापत्रकावर चाललेला आहे, हे नव्याने हाती लागले. दिसण्याजोगे काहीतरी शोधताना प्रसंगात अशी भर अनेकदा पडते.

‘ती काही बोलत नाही’ या वाक्यातला दोष अधिक फसवा आहे. ते दृश्य वाटते, पण नकाराचे चित्र निघत नाही. न बोलणारी व्यक्ती त्या वेळी दुसरे काहीतरी करत असते, आणि लिहायचे असते ते दुसरे काहीतरी. शालिनी पोळी ताटलीत ठेवते. त्या जागी संवाद येऊ शकला असता आणि आला नाही, हे प्रेक्षकाला आपोआप कळते.

‘शालिनी डब्याकडे बघते’ ही ओळ भावनेबद्दल अक्षरही न लिहिता चालते, याला जुना आधार आहे. 1920 च्या आसपास सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यांनी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे चित्रण वेगवेगळ्या चित्रांना जोडून पाहिले: सूपची थाळी, शवपेटी, खेळणारी लहान मुलगी. चेहरा तोच होता. पण पाहणाऱ्यांना त्यात कधी विचारमग्नता, कधी शोक, कधी आनंद दिसला, असे त्यांचे सहकारी पुदोव्हकिन यांनी नोंदवले आहे. चेहरा आणि वस्तू शेजारी आल्या की त्यांच्यामधला दुवा पाहणारा स्वतः जोडतो. म्हणून शालिनीची नजर आधी वसंतरावांवर आणि मग डब्यावर, हा क्रम महत्त्वाचा. उलटा लिहिला तर अर्थ बदलतो: आधी डबा आणि मग नवरा, म्हणजे डबा अजून नेला कसा नाही, असा प्रश्न तयार होतो.

राहिले ते ‘आपण निरुपयोगी झालो, असं त्यांना वाटतं’. दुसऱ्या खर्ड्यात या वाक्याचे रूपांतर केलेलेच नाही. ते काढून टाकले आहे. निरुपयोगी हा माणसाने स्वतःबद्दल दिलेला निकाल आहे, आणि निकालाचे थेट चित्र होत नाही. इथे बरेच लेखक पात्राला आरशासमोर उभे करतात, उसासा टाकायला लावतात, खिडकीबाहेर शून्यात बघायला लावतात. ही भावनेची चित्रे नव्हेत, भावनेचे शिक्के आहेत. कोणत्याही दुःखावर मारता येतात. खांद्यावरची सुरकुती सारखी करणारा तळहात फक्त याच माणसाचा आहे. त्यात कोणाला दुःख दिसेल, कोणाला अभिमान, कोणाला नुसता नीटनेटकेपणा. एवढी मोकळीक लेखकाला सोसावी लागते. ‘निरुपयोगी’ हीच छटा कथेला अत्यावश्यक असेल, तर तिच्यासाठी वेगळा प्रसंग लागेल. वसंतराव दुपारी एसटीने कुठेतरी निघाले आहेत. थांब्यावर माणसे चढतात, दार लागते, आणि वसंतरावांचा हात डोक्यावरच्या घंटीच्या दोरीकडे जातो. त्याच क्षणी तरुण कंडक्टर दोनदा दोरी ओढतो. गाडी सुटते. वर गेलेला हात वसंतराव समोरच्या दांडीवर ठेवतात.

पात्राचा भूतकाळ वस्तूंमधून सांगण्याचे गाजलेले उदाहरण म्हणजे हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’ (1954) या चित्रपटाची सुरुवात. कॅमेरा अंगणापलीकडच्या खिडक्यांवरून फिरून नायकाच्या खोलीत येतो. प्लॅस्टरमधला पाय दिसतो, मग मोडका कॅमेरा, मग शर्यतीच्या गाडीच्या अपघाताचे अंगावर येणारे छायाचित्र. हा माणूस धोका पत्करणारा छायाचित्रकार आहे आणि तो जायबंदी कसा झाला, हे एकही वाक्य न बोलता समजते. इथेही क्रम मोलाचा आहे. आधी परिणाम, मग कारण. प्रेक्षकाला आधी प्रश्न पडतो, उत्तर नंतर मिळते.

मनात घेतलेला निर्णय दाखवणे याहून अवघड. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’मध्ये (1955) दुर्गावर हार चोरल्याचा आरोप येतो आणि ती तो नाकारते. तिच्या मृत्यूनंतर गाव सोडायची आवराआवर चालू असताना अपूला तो हार सापडतो. तो धावत जाऊन हार डबक्यात फेकतो. पाण्यावरचे शेवाळ फाटते आणि हळूहळू पुन्हा जुळून येते. बहिणीचे नाव राखायचे, हे कुणाला कळू द्यायचे नाही, असा सगळा विचार त्या लहान मुलाच्या एका कृतीत आणि पाण्याच्या मिटण्यात आहे. कागदावर हे लिहायला दोन-तीन साध्या वाक्यांपेक्षा जास्त लागणार नाही, आणि त्यांत एकही भावनेचा शब्द लागणार नाही.

कॅमेऱ्याबरोबर माइकही असतो, हे लिहिताना पुष्कळदा विसरले जाते. नागराज मंजुळे यांच्या ‘फॅन्ड्री’मध्ये (2013) डुकराच्या मागे धावणारे कुटुंब त्याला पकडण्याच्या बेतात असते, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटते. यातला आतला ताण फक्त तीन गोष्टींतून उभा राहतो: एक आवाज, थांबलेली शरीरे आणि चालता झालेला प्राणी. वसंतरावांच्या दृश्यात लाटण्याचा आवाज हेच काम छोट्या प्रमाणात करतो. शालिनी दिसण्याआधीच ती जागी आहे आणि कामाला लागली आहे हे त्यातून कळते, आणि पुढच्या दृश्यात जायला वाटही मिळते.

चांगल्या दृश्यवर्णनात कॅमेऱ्याच्या सूचना जवळजवळ नसतात. ‘क्लोजअप’, ‘कॅमेरा पुढे सरकतो’ असे लिहून लेखक दिग्दर्शकाचे काम हिरावतो आणि वाचणाऱ्याची लय मोडतो. तरीही वरच्या पानावर घड्याळ मोठे दिसले, ठसा त्याहून जवळून दिसला. हे परिच्छेदांनी केले. घड्याळ आणि चारला दोन मिनिटे कमी, एवढाच मजकूर स्वतंत्र परिच्छेदात असेल, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुसरे काही येऊच शकत नाही. सुपारीएवढा ठसा आणि टाचणीची भोके लांबून दिसत नाहीत, म्हणून ते लिहिताच आपण जवळ गेलेलो असतो. ‘थांबतात’ हा एकटा शब्द आपल्या ओळीभोवतीच्या कोऱ्या जागेमुळे क्षणभर लांबतो. नजर बदलली की परिच्छेद बदलायचा, हा साधा हिशेब पुरतो. चार ओळींहून लांब परिच्छेद झाला तर त्यात बहुधा दोन-तीन शॉट एकत्र गुंडाळलेले असतात.

यामुळे वेळेचा अंदाजही बरोबर येतो. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, असा धंद्यातला ठोकताळा आहे. तो 12 पॉइंट कुरियर अक्षरांच्या इंग्रजी पानावरून आला आहे, त्यामुळे देवनागरीत तो थोडा मागेपुढे होतो. पण मनातले विचार पानावर आले की तो साफ कोसळतो. वसंतरावांच्या आयुष्याबद्दल अर्धे पान लिहिले तर पडद्यावर त्याचा वेळ शून्य, कारण तिथे घडत काहीच नाही.

नियम कळल्यावर लेखक दुसऱ्या टोकाला जातो, हाही नेहमीचा अनुभव. मग डाव्या भुवईचा कोपरा उचलला जातो, ओठ किंचित थरथरतात, बोटे टेबलावर तीनदा वाजतात, नजर खाली जाते, वर येते. हे सगळे दिसणारेच आहे, पण ते दृश्यवर्णन नव्हे, नटाच्या चेहऱ्यावर केलेले अतिक्रमण आहे. चेहऱ्यातून काय उमटवायचे ते नट ठरवतो. लेखकाने त्याच्या हाताला काम द्यावे. शर्ट, बाही, डबा, फोड. नटाला हातात धरायला वस्तू मिळाली आणि तिचे काय करायचे हे कळले, की चेहरा त्याचा तो सांभाळतो.

भावनेचा प्रत्येक शब्द वर्ज्य आहे, असेही नाही. ‘घाईने’, ‘चाचरत’, ‘ओशाळून हसते’ हे शब्द मनाबद्दल असले तरी हालचालीची रीत सांगतात. नट ते लगेच करून दाखवू शकतो, आणि त्याऐवजी तीन ओळींची शारीरिक वर्णने लिहिणे हा हट्ट ठरेल. पात्र पहिल्यांदा येते तेव्हा ‘वसंतराव, कालच निवृत्त झालेले कंडक्टर’ असा एखादा तुकडा अनेक अनुभवी लेखक देतात, काही तोही टाळतात. तो वाचणाऱ्याच्या सोयीसाठी आहे आणि हरकत घेण्यासारखा नाही. मात्र तीच माहिती पुढच्या काही ओळींत प्रेक्षकाला दिसायला हवी. नाहीतर पटकथा वाचणाऱ्या निर्मात्याला वसंतराव कंडक्टर असल्याचे माहीत असते आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला नसते. ही दरी बहुतेक वेळा संकलनाच्या टेबलावरच लक्षात येते, आणि तेव्हा एखाद्या निवेदनाच्या ठिगळाखेरीज फारसा उपाय उरलेला नसतो.

ती आधीच ओळखायची असेल तर लिहिलेल्या पानाच्या समासात पेन्सिलीने दोन याद्या कराव्यात: सेटवर कोणत्या वस्तू आणाव्या लागतील आणि नटाला काय काय करावे लागेल. वसंतरावांच्या पहिल्या खर्ड्यासमोर या याद्यांत ‘कॉट’ आणि ‘जागे होणे’ एवढेच येते. दुसऱ्या खर्ड्यासमोर घड्याळ, शर्ट, शाल, नारळ, हार, तवा, डबा, लोणचे येतात आणि हाताने करायच्या डझनभर गोष्टी येतात. ज्या पानासमोर दोन्ही याद्या कोऱ्या राहतात, ते पान चित्रीकरणाला देऊ नये, पुन्हा लिहायला घ्यावे.